एका वाक्यात भूतकाळ किती वेळा?

*माझा मुलगा सातवीत आहे, सेमी-इंग्रजीला. घटक चाचणीत त्याने 'डिड ही वेंट टू द मार्केट?' असं लिहिलं. बाईंनी 'वेंट' खोडून 'गो' केलं आणि बाजूला 'भूतकाळ दोनदा' असा शेरा मारला. तो मला विचारतो, "मग 'गेला होता'मध्येपण दोनदाच आहे की! आणि 'हॅड गॉन' कसं चालतं?" मला उत्तर देता आलं नाही. शिवाय आता तो 'हू डिड गो?' असंही लिहायला लागलाय. त्याला कसं समजावू?*
*– एक आई, मिरज*

ताई, बाईंचा शेरा बरोबर आहे, आणि तुमच्या मुलाचा प्रश्नही अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते नीट उलगडलं तर त्याचा गोंधळ सुटेल. 'डिड'नंतर पहिलं रूप येतं एवढं पाठ करून घेतलं, तर चार दिवसांनी तो 'हॅज'नंतरही पहिलंच रूप लिहील. म्हणून थोडं मुळापासून सांगते.

आधी बाईंच्या शेऱ्याबद्दल. 'डिड ही वेंट'मध्ये अर्थ काही दुप्पट होत नाही. तो माणूस जास्त लांबच्या भूतकाळात गेला, असं ऐकणाऱ्याला वाटत नाही; बोलणं कळतं, फक्त कानाला खटकतं. दोनदा येते ती काळाची खूण. इंग्रजीत एका उपवाक्यात काळाची खूण एकदाच होते, आणि ती क्रियापदांच्या रांगेत जे सगळ्यात पुढे उभं असेल त्याच्यावर होते. मागच्या क्रियापदांनी काळ सांगायचा नसतो. क्रिया कोणती, ती चालू आहे की पुरी झाली, एवढंच ती सांगतात.

त्याचंच वाक्य घेऊन त्याच्यासमोर हे करून दाखवा. साधं विधान आहे 'ही वेंट टू द मार्केट'. यात क्रियापद एकच, म्हणून 'वेंट'मध्ये दोन गोष्टी एकत्र बसल्या आहेत: 'गो' ही क्रिया आणि भूतकाळ. आता प्रश्न करायचा. इंग्रजीत प्रश्न करताना कर्त्याच्या आधी एक सहायक क्रियापद यावं लागतं, आणि या वाक्यात सहायक क्रियापदच नाही. ती रिकामी जागा भरायला इंग्रजी 'डू' आणते. हा 'डू' स्वतः काहीच करत नाही, त्याला 'करणे' असा अर्थही इथे नाही. त्याचं काम एकच: पुढे उभं राहून काळ अंगावर घ्यायचा. 'वेंट'मधला भूतकाळ काढून 'डू'ला दिला की 'डू'चं 'डिड' होतं. भूतकाळ निघून गेल्यावर 'वेंट'पाशी काय उरलं? नुसतं 'गो'. म्हणून 'डिड ही गो टू द मार्केट?'

इथे 'वेंट'चं 'गो' झालं असं म्हणण्यापेक्षा 'वेंट'मधला काळ पुढे गेला असं म्हणा. हा शब्दप्रयोग मुलांना चांगला कळतो, कारण मग 'गो' हे वर्तमानकाळी रूप आहे असा गैरसमज होत नाही. पुष्कळ मुलं विचारतात, "भूतकाळाच्या वाक्यात वर्तमानकाळाचं 'गो' कसं?" ते वर्तमानकाळाचं नाहीच. ते बिनकाळाचं आहे. 'टू गो'मधलं, 'कॅन गो'मधलं जे 'गो', तेच हे.

पडताळा घ्यायचा असेल तर वाक्याची वेळ बदलून बघायची. 'डिड ही गो येस्टरडे?' आणि 'डझ ही गो एव्हरी डे?' ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहायला सांगा. काल आणि रोज यांच्या फरकाने कोणता शब्द बदलला? फक्त पहिला. 'वॉज ही गोइंग?' आणि 'इज ही गोइंग?' घ्या, पुन्हा फक्त पहिला. 'हॅड ही गॉन?' आणि 'हॅज ही गॉन?' यांतही तसंच. वेळ बदलली की जो शब्द बदलतो, तोच काळ वाहतो. बाकीचे जागचे हलत नाहीत. ही एक कसोटी त्याच्या हातात आली की त्याच्या 'हॅड गॉन'च्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

आता ही चूक त्याने का केली तेही बघू, कारण ती निष्काळजीपणाची नाही. मराठीत प्रश्न करताना क्रियापदाला हातच लावावा लागत नाही. 'तो बाजारात गेला.' 'तो बाजारात गेला का?' 'गेला' जसंच्या तसं, शेवटी एक 'का'. तुमच्या मुलाने 'डिड' हा शब्द 'का' म्हणून शिकून घेतलाय. त्याच्या मनात 'ही वेंट' म्हणजे 'तो गेला', आणि 'डिड' म्हणजे पुढे लावायचा 'का'. मग 'डिड ही वेंट' हे त्याच्या हिशेबाने बिनचूक आहे. नकारातही तेच होतं: 'तो गेला नाही', म्हणून 'ही डिड नॉट वेंट'. ज्या मुलांना 'डिड म्हणजे का' असं घाईत सांगितलेलं असतं, त्यांच्याकडून ही चूक हमखास होते. मातृभाषा इंग्रजी असलेली लहान मुलंही बोलायला शिकताना काही काळ असं दोनदा भूतकाळ लावून बोलतात. बालभाषेच्या अभ्यासकांनी याची बरीच उदाहरणं नोंदवली आहेत. त्यांच्या घरी 'का'सारखा शब्द नाही, तरीही होतं. 'वेंट' हे त्यांना एक अखंड, न फोडता येणारं रूप वाटतं, हे त्याचं एक कारण असावं.

तसं वाटणं साहजिकही आहे. 'वॉक'चं 'वॉक्ड' होताना शेवटचा 'ड' निदान दिसतो. 'गो'चं 'वेंट' होताना 'गो' कुठेच दिसत नाही. मुळात 'वेंट' हे 'वेंड' नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचं भूतकाळी रूप. ते 'गो'च्या भूतकाळाच्या जागी येऊन बसलं. गंमत म्हणजे आपल्याकडेही नेमकं याच क्रियापदाचं असंच आहे. 'जा' हा संस्कृतातल्या 'या' धातूपासून आला, आणि 'गेला' मात्र 'गत'पासून, म्हणजे 'गम्' धातूपासून. 'जा' आणि 'गेला' यांत एकही अक्षर सारखं नाही, पण आपल्याला ती एकाच क्रियापदाची रूपं वाटतात. त्याला सांगा, 'वेंट'च्या पोटात 'गो' आहे, जसा 'गेला'च्या पोटात 'जा' आहे.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. 'खूण एकदाच करायची' हा नियम त्याला परका वाटतोय, पण तो मराठी बोलताना दिवसभर तोच नियम पाळतो. त्याला सांगा, 'तू गेलास' याला 'होता' जोड. तो लगेच म्हणेल, 'तू गेला होतास.' मग विचारा, 'तू गेलास होतास' का नाही म्हणालास? तो हसेल, कारण ते कानाला कसंतरीच लागतं. 'तू' दाखवणारा 'स' मुळात 'गेला'च्या अंगावर होता. 'होता' आल्याबरोबर तो तिकडे गेला, आणि 'गेला' त्याच्याविना राहिलं. नकारात बघा: 'तू गेलास', पण 'तू गेला नाहीस'. 'ते जातात', पण 'ते जात नाहीत'. 'जातात नाहीत' असं कुणी म्हणत नाही. 'जातात'मधला 'ते' दाखवणारा भाग 'नाही'वर जाऊन 'नाहीत' झाला आणि मागे नुसतं 'जात' उरलं. 'ते जातील'चा नकार 'ते जातील नाहीत' होत नाही, 'ते जाणार नाहीत' होतो. मुख्य क्रियापद मोकळं होतं आणि खूण मदतनीस उचलतो.

'तू गेलास होतास' ऐकून त्याला जसं वाटतं, तसंच इंग्रजी कानाला 'डिड ही वेंट' ऐकून वाटतं. हे त्याला एकदा जाणवलं, की नियम पाठ करायची गरज उरणार नाही.

मग फरक कुठे? दोन ठिकाणी. मराठीत मदतनीस वाक्याच्या शेवटी येतो, इंग्रजीत पुढे. म्हणून मराठीत खूण शेवटच्या शब्दावर शोधायची आणि इंग्रजीत पहिल्या क्रियापदावर. दुसरा फरक जास्त अडचणीचा आहे: 'गेला नाही'मध्ये 'स' हलतो, 'त' हलतो, पण भूतकाळ सांगणारा 'ल' मात्र 'गेला'मध्येच राहतो. 'नाही'ला 'ल' लागत नाही. इंग्रजीत तोही हलतो. बरोबर या एका ठिकाणी मराठीची सवय इंग्रजीत चालत नाही, आणि तुमचा मुलगा तिथेच चुकला. त्याउलट 'तो जात नव्हता' घ्या. यात 'जात' बिनकाळाचं आहे आणि सगळा भूतकाळ 'नव्हता'त आहे. 'ही डिड नॉट गो'ची घडण समजवायला हे वाक्य 'गेला नाही'पेक्षा कितीतरी जवळचं आहे. अर्थ थोडा वेगळा आहे हे खरं, पण घडण दाखवायला मी हेच वापरते.

आता त्याच्या प्रश्नाकडे येऊ. 'गेला होता'मध्ये भूतकाळ दोनदा आहे का?

नाही, कारण तिथे 'गेला' काळ सांगत नाही. हे त्याला अशा वाक्यांनी दाखवा: 'तो गेला आहे', 'तो गेला होता', 'तो गेला असेल', 'तो गेला असता'. चारही ठिकाणी 'गेला' तेच. पहिल्या वाक्यात बोलणं आत्ताचं आहे, दुसऱ्यात मागचं, तिसऱ्यात अंदाजाचं, चौथ्यात न घडलेल्या गोष्टीचं. 'गेला' स्वतः भूतकाळ असतं तर 'आहे'शेजारी कसं बसलं असतं? इथे ते एवढंच सांगतं की जाणं पुरं झालं. ते कधीच्या संदर्भात पुरं झालं, हे 'आहे', 'होता', 'असेल' सांगतात. म्हणजे खूण एकच आहे, शेवटच्या शब्दावर.

इंग्रजीत 'गॉन'चं काम हेच. 'हॅज गॉन', 'हॅड गॉन', 'विल हॅव गॉन' यांत 'गॉन' बदलत नाही, कारण काळ त्याच्याकडे नाहीच. 'हॅड'मध्ये भूतकाळ आहे आणि 'गॉन'मध्ये पुरेपणा आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून त्या शेजारी शेजारी राहू शकतात. 'डिड' आणि 'वेंट' या दोघांकडे मात्र एकच गोष्ट आहे, म्हणून त्यांचं जमत नाही.

खरी अडचण अशी की मराठीत ही दोन्ही कामं एकटं 'गेला' करतं. 'तो काल गेला'मध्ये ते काळ सांगतं आणि 'तो गेला आहे'मध्ये पुरेपणा. इंग्रजीने 'गो'साठी दोन वेगळी रूपं ठेवली आहेत, पहिल्या कामाला 'वेंट' आणि दुसऱ्याला 'गॉन'. 'वॉक'सारख्या नियमित क्रियापदांत तीही वेगळी दिसत नाहीत: 'ही वॉक्ड' आणि 'ही हॅज वॉक्ड'. त्यामुळे मुलांना वाटतं, 'हॅज वॉक्ड' चालतं तर 'डिड वॉक्ड' का नाही? दिसायला सारखं असलं तरी 'हॅज'नंतरचं 'वॉक्ड' हे 'गॉन'च्या जातीचं आहे, 'वेंट'च्या नाही. शंका आली की त्या जागी 'गो' टाकून बघायचं. 'वेंट' बसतं की 'गॉन' बसतं की 'गो' बसतं, ते लगेच कळतं. 'गो', 'सी', 'ईट' यांसारखी तिन्ही रूपं वेगळी असलेली क्रियापदं म्हणूनच शिकवायला सोयीची. सरावाला शक्यतो 'पुट' आणि 'कट' घेऊ नका. त्यांची तिन्ही रूपं सारखी असल्याने मूल चुकलं तरी कळत नाही. 'रीड' तर लिहिताना पकडताच येत नाही, कारण स्पेलिंग एकच. पण मोठ्याने वाचून घ्या. 'डिड ही'नंतर त्याने 'रेड' असा उच्चार केला, तर डोक्यात अजून दोनदा भूतकाळ चाललाय हे समजा.

'हू डिड गो?'चं काय करायचं? बाईंनी चूक दाखवल्यावर त्याने सगळीकडे 'डिड' पेरायला सुरुवात केलेली दिसते. 'डू' का आणावा लागतो, ते आठवा: कर्त्याच्या आधी एक सहायक हवा म्हणून. पण जिथे प्रश्नच कर्त्याबद्दल आहे, तिथे 'हू' हाच कर्ता, आणि तो आधीच सगळ्यात पुढे आहे. त्याच्या आधी कुणाला आणायचं नाही, म्हणून 'डू'ची गरज नाही, म्हणून काळ 'वेंट'मध्येच राहतो: 'हू वेंट टू द मार्केट?' इथे 'वेंट' अगदी बरोबर आहे. 'हूम डिड ही सी?'मध्ये मात्र कर्ता 'ही' आहे, म्हणून 'डिड' हवाच. 'हू डिड गो?' हे चूक नाही, पण ते जोर देऊन विचारलेलं असतं: बाकीचे नाही गेले ते कळलं, मग गेलं तरी कोण? साध्या प्रश्नाला ते नको. त्याचप्रमाणे 'ही वॉज ॲट होम'चा प्रश्न 'वॉज ही ॲट होम?' एवढाच. 'बी'ची रूपं स्वतःच पुढे जाऊ शकतात, त्यांना 'डू' लागत नाही. 'डिड ही वॉज' दिसलं तर कारण तेच, 'डिड'ला 'का' समजणं.

आणखी एक, आणि हे आवर्जून सांगा, नाहीतर तो दुसऱ्या टोकाला जाईल. खूण एकदा, ती एका उपवाक्यात. वाक्यात दोन उपवाक्यं असतील तर प्रत्येकाचा काळ वेगळा. 'डिड यू नो दॅट ही वेंट टू द मार्केट?' हे वाक्य निर्दोष आहे. 'डिड'चा अंमल 'नो'पर्यंतच. 'दॅट'नंतर नवं उपवाक्य सुरू होतं, तिथे 'वेंट'ला स्वतःचा काळ हवाच. 'एकदा डिड आला की पुढे वेंट नाही' असा नियम पाठ केलेली मुलं इथे 'गो' लिहून गुण घालवतात.

हा नियम इंग्रजीत कायमच असा नव्हता, आणि ती गोष्ट मुलाला आवडेल असं मला वाटतं. 1611 साली इंग्लंडमध्ये राजा जेम्सच्या काळात बायबलचं जे भाषांतर छापलं गेलं, त्यात मत्तयाच्या शुभवर्तमानात, अकराव्या अध्यायात, येशू लोकांना विचारतो: 'व्हॉट वेंट यी आउट इनटू द विल्डरनेस टू सी?' तुम्ही रानात काय बघायला गेला होतात? इथे 'डिड' नाहीच. 'वेंट' स्वतः उचलून कर्त्याच्या, 'यी'च्या, पुढे ठेवलाय. तेव्हा मुख्य क्रियापदही असं पुढे जाऊ शकत असे. 'डू' आणायची पद्धत त्याच सुमारास पसरत होती, पुढे ती पक्की झाली, आणि मुख्य क्रियापदांचं पुढे जाणं बंद झालं. पण जुन्या वाक्यातही भूतकाळ एकदाच आहे, हे त्याला दाखवा. 'वेंट' पुढे गेला तरी मागे दुसरी खूण नाही. शिवाय 'वॉक्ड'मधला शेवटचा 'ड' हाच फार जुन्या काळी 'डिड'च्या पूर्वजापासून आला असावा, असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. तसं असेल तर 'डिड ही वॉक्ड'मध्ये एकच शब्द दोनदा आला असं म्हणायला हरकत नाही.

सराव कसा घ्यायचा? प्रश्नापासून सुरुवात करू नका. आधी विधान लिहायला सांगा, 'शी एट द मँगो'. त्याखाली ते फोडून लिहायचं: शी, भूतकाळ, ईट, द मँगो. मग 'भूतकाळ' या शब्दाभोवती गोल करून तो 'डू'ला जोडायचा आणि 'शी'च्या आधी ठेवायचा: 'डिड शी ईट द मँगो?' नकार करताना हेच, फक्त 'डिड नॉट' कर्त्यानंतर. रोज थोडी वाक्यं पुरेत, पण मधली फोडलेली ओळ गाळू देऊ नका; चूक तिथेच सुटते. 'ही हॅड अ बुक' आणि 'ही डिड हिज होमवर्क' ही दोन वाक्यं सरावात जरूर घ्या. पहिल्यातून आपल्याकडे मोठ्या माणसांच्या तोंडीही येणारं 'आय डिडन्ट हॅड' सुटतं. तिथे 'डिडन्ट हॅव' हवं. दुसऱ्याचा प्रश्न होतो 'डिड ही डू हिज होमवर्क?', आणि त्यात मदतनीस 'डू' व कामाचा 'डू' शेजारी शेजारी दिसतात. एकाकडे काळ, दुसऱ्याकडे काम.

पुढच्या इयत्तांत 'यूज्ड टू' येईल. 'ही यूज्ड टू गो' हे विधान, आणि प्रश्न 'डिड ही यूज टू गो?' इथे लिहिताना 'ड' गाळायचा, कारण तो 'डिड'मध्ये गेला. बोलताना मात्र 'यूज्ड टू' आणि 'यूज टू' यांचा उच्चार सारखाच ऐकू येतो, म्हणून मुरलेले इंग्रजी लिहिणारेही तिथे 'ड' ठेवून देतात. त्याने कधी छापील मजकुरात तसं पाहिलं आणि "मग हे कसं?" असं विचारलं, तर हे कारण त्याला सांगा आणि परीक्षेत 'ड'शिवाय लिहायला सांगा.